मदत हवी आहे: बरजख म्हणजे झोप की जाग?

मृत्यू ते कयामत या काळाला कुराणात (२३:१००) बरजख, म्हणजे आडपडदा, म्हटलंय. हदीसनुसार कबरीत मुनकर-नकीर हे फरिश्ते विचारतात: तुझा रब कोण, दीन कोणता, नबी कोण? म्हणजे मृताला जाणीव असते. ४०:४६ मध्ये तर फिरऔनच्या लोकांना सकाळ-संध्याकाळ आगीसमोर आणलं जातं, कयामतीची कठोर शिक्षा त्यानंतरची.

पण ३६:५२ मध्ये उठलेले लोक विचारतात, "आम्हाला निजल्या जागेवरून कोणी उठवलं?" शिक्षा भोगणारा असं कसं म्हणेल? काही भाष्यकारांच्या मते कयामतीच्या सूर या कर्ण्याच्या दोन फुंकांमध्ये कबरीतला अजाब, म्हणजे शिक्षा, थांबतो, तेव्हाची ही झोप. काहींच्या मते पुढची भयंकर शिक्षा पाहून कबर झोपेसारखी वाटते. मला दुसरं अधिक पटतं. पहिल्या मताला हदीसचा थेट आधार आहे का? जाणकारांनी कृपया सांगावं.