म्हैस महागली म्हणजे नेमकं काय?

> आमच्या तबेलेवाल्याची चिठ्ठी आली: एक तारखेपासून लिटरमागे सहा रुपये जास्त, कारण 'म्हैस महागली'. पण म्हैस काय रोज विकत घेतात?

रोज नाही, पण दर वर्षी घ्यावीच लागते. माझा जोगेश्वरीला छोटा तबेला आहे, म्हणून सांगतो. मुंबईत जागा इतकी कमी की आटलेली म्हैस पुढच्या वेतापर्यंत पोसणं आम्हाला परवडत नाही. ताजी व्यालेली आणायची, दहाएक महिने दूध काढायचं, आटली की विकायची.

समजा, म्हैस १ लाख २० हजारांना आणली आणि आटल्यावर ६० हजारांना गेली. सुरुवातीला बारा लिटर देते, शेवटी चारवर येते. सरासरी आठ धरली तर ३०० दिवसांत २,४०० लिटर. म्हणजे चारापाणी, गडी, भाडं काही न धरता लिटरमागे २५ रुपये फक्त म्हशीचे! आता खरेदी दहा हजारांनी वाढली आणि आटलीचा भाव तोच राहिला, की लिटरमागे चार रुपये वाढले.

उरलेले दोन खुराकाचे. सरकी पेंड, चुणी मिळून दिवसाला सहा किलो. किलोमागे तीन रुपये वाढले तर रोजचे अठरा, भागिले आठ लिटर. आणि दूध कमी झालं म्हणून म्हैस काही त्या मानाने कमी खात नाही.

तुमच्या तबेलेवाल्याला एकच विचारा: आटलेली कितीला गेली? तिचाही भाव चढला असेल, तर सहा रुपये जास्त आहेत. (मला विचारलंत तर मीही जरा अडखळेन.)