गजकर्ण: पंधरा दिवस पुरत नाहीत

> पंधरा दिवस इट्राकोनॅझोल घेतलं, चट्टे गेले. आता जांघेत आणि कंबरेवर परत उठलेत. औषध लागू पडत नाही का?

बहुधा कोर्स अपुरा पडला. टर्बिनाफिन या नेहमीच्या बुरशीविरोधी औषधाला दाद न देणारी बुरशी आपल्याकडे फार पसरली आहे, म्हणूनच डॉक्टर इट्राकोनॅझोल देतात. माझ्या धाकट्या भावाला रोज २०० मिग्रॅ दिलं होतं. तिसऱ्या आठवड्यात खाज थांबली, पण डॉक्टरीणबाईंनी आठ आठवडे पूर्ण करायला लावले. चट्ट्याची कड सपाट होऊन नुसता काळसर डाग उरेपर्यंत थांबायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. कॅप्सूल भरपेट जेवणानंतर घ्यायची. भाऊ सकाळी ॲसिडिटीची गोळी घ्यायचा, ती आधी बंद केली, कारण पोटात आम्ल कमी असेल तर हे औषध नीट शोषलंच जात नाही. हृदय किंवा यकृताचा त्रास, गर्भारपण, कोलेस्टेरॉलची गोळी, यातलं काही असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

आणि क्लोबेटासॉल या स्टेरॉईड मलमाची ट्यूब लावत असाल, तर ती फेकाच. स्टेरॉईडने खाज दबते, पण त्वचेची प्रतिकारशक्तीही दबते. बुरशी आतून पसरत राहते, शिवाय कड पुसट झाल्याने गजकर्ण ओळखू येत नाही. ट्यूब सोडल्यावर काही दिवस लाली भडकते, तिला घाबरून परत लावू नका. भावाचे अंतर्वस्त्र, टॉवेल, चादरी आम्ही वेगळ्या, ६० अंशांच्या पाण्यात धुऊन, आतली बाजू बाहेर करून उन्हात वाळवायचो. घरात वहिनीलाही चट्टे निघाले, तिचे उपचार सोबतच सुरू केले.