मदत हवी आहे : बोअरचे रिजेक्शन आणि प्रशिक्षणाचा प्रस्ताव

अनुराधा_प्र : भोसरीतील एका लहान कारखान्यात मी प्रशिक्षणाचे काम पाहते. सीएनसी लेथवर आम्ही महिन्याला सुमारे १८,००० बुश काढतो आणि त्यांतले ३४० बोअर मोठे झाल्यामुळे भंगारात जातात. इन्सर्ट बदलल्यावर ऑफसेट कसा द्यायचा, हे १२ ऑपरेटरांपैकी बहुतेकांना नीट येत नाही. परवा दुसऱ्या पाळीत एकाला बोअर ०.०४ मिमीने कमी करायचे होते, पण चिन्ह चुकल्याने ते तेवढेच वाढले आणि लक्षात येईपर्यंत सात नग गेले. माझा प्रस्ताव मात्र ‘यातून किती पैसे वाचतील?’ एवढ्या शेऱ्यासह परत आला. भंगाराची किंमत वजा जाता नगामागे १८० रुपये बुडतात. बचत कशी मांडावी?

हिशेबी : ३४० गुणिले १८० म्हणजे दरमहा ६१,२०० रुपये. हाच आकडा पहिल्या ओळीत लिहावा.

जुना_टर्नर : गुणाकार बरोबर आहे, पण ते एकूण नुकसान झाले, प्रशिक्षणाने ते सगळे वाचणार नाही. रिजेक्शनची वही आणि इन्सर्ट बदलल्याची नोंद शेजारी ठेवून पाहा. बदलानंतरच्या पहिल्या काही नगांत जे गेले, ते बहुधा ऑफसेटचे असतात. मधूनच जाणाऱ्यांमागे ढिला बोअरिंग बार किंवा गरम नग मोजण्याची सवय असू शकते. शिवाय आपला सर्वांत मुरलेला ऑपरेटर त्याच मशीनवर, त्याच इन्सर्टने चालवून पाहा. त्याचेही तितकेच नग गेले, तर शिकवून काही साधणार नाही.

सांजवेळ : आमच्याकडे शिकाऊ उमेदवारांच्या विद्यावेतनाचा काही भाग सरकारकडून मिळतो. तोही यात धरावा का?

अनुराधा_प्र : आमचे ऑपरेटर कायम कामगार आहेत, त्यामुळे ते लागू होणार नाही. जुना_टर्नर यांच्या सांगण्याप्रमाणे तीन महिन्यांच्या वह्या लावल्या; महिन्याला सरासरी २१० नग इन्सर्ट बदलल्यानंतरचे निघाले. त्यांतले निम्मे वाचतील असे धरले, तर १८,९०० रुपये होतात. खर्चात प्रशिक्षकाचे ४०,००० आणि १२ जणांच्या प्रत्येकी १६ तासांची मजुरी, ताशी १२० रुपयांप्रमाणे २३,०४० रुपये. म्हणजे साधारण साडेतीन महिन्यांत खर्च निघतो.

हिशेबी : मशीन बंद राहिल्याचे नुकसान यात कुठे आहे?

जुना_टर्नर : प्रश्न रास्त आहे. पाळी संपल्यावर शिकवले तर मशीन थांबत नाही, पण मग जादा वेळेचा दर लागतो. निम्मे वाचतील हा तुमचा अंदाजच आहे, म्हणून आधी एकाच पाळीला शिकवा आणि दोन महिने दुसऱ्या पाळीशी तुलना करा, असे प्रस्तावातच लिहा. दोन्ही पाळ्यांची मशीन व नग तेच असावेत.

अनुराधा_प्र : दुसऱ्या पाळीपासून सुरुवात सुचवते. जादा वेळेचा दर धरून खर्च पुन्हा मांडते. तरीही मंजुरी मिळेल का, हे सांगता येत नाही.