सोबत आहे, पण मृत्युपत्र?
“जिवाभावाची मित्रमंडळी असली की म्हातारपणी कागदपत्रांची काय गरज?”

पुतण्या दारात येईपर्यंत नाही. गंगापूर रोडवरचे आमच्या ओळखीतले दोघे काका जन्मभर जोडीने राहिले. एक गेल्यावर दुसऱ्यांना बँकेतले पैसे मिळाले, कारण नॉमिनी तेच होते. (समलिंगी जोडीदाराला नॉमिनी करायला आडकाठी नाही, हे केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्टही केलंय.) पण नॉमिनी हा नुसता राखणदार, मालक वारसच. गेलेल्या काकांच्या पुतण्याने पैसे आणि फ्लॅट दोन्हींवर हक्क सांगितला. साध्या कागदावर मृत्युपत्र, दोन साक्षीदारांच्या सह्या, एवढंही पुरलं असतं. नोंदणी सक्तीची नाही. काका आता आमच्यातल्याच एका जोडप्याकडे राहतात. रविवारच्या चहाला नवीन कुणी आलं की आम्ही मृत्युपत्राचं आधी विचारतो, आणि साक्षीला मुद्दाम तरुण पोरं घेतो, समवयस्क नको.