पर्यावरणाच्या पेपरात पूर्ण मार्क, आणि केळ्याची साल सुक्या डब्यात

सहावीची आई, पुणे
मुलीला ओला-सुका कचरा, प्लास्टिक, पाणीबचत सगळं पाठ आहे. पेपरात मार्कही छान पडतात. घरी मात्र केळ्याची साल आणि बिस्किटाचा कागद एकाच डब्यात जातो, आणि दात घासताना नळ चालूच असतो. शाळेत शिकवल्याने मुलांच्या वागण्यात खरंच काही फरक पडतो का?

डोंगरवाट
सातारा जिल्ह्यातल्या एका अनुदानित शाळेत मी बरीच वर्षं विज्ञान शिकवलं, हरित सेनेचं कामही माझ्याकडेच होतं. माझ्या मते फरक पडतो, पण मुलाला ज्या कामाचा शेवट डोळ्यांनी दिसतो तेवढ्यापुरताच.

आम्ही प्रत्येक वर्गात दोन डबे ठेवले होते. काही दिवसांनी हातमोजे घालून, मुलांना घेऊन, ते वर्तमानपत्रावर पालथे केले. ओल्या डब्यात चिक्कीचे कागद निघाले, सुक्यात भाकरीचे तुकडे आणि साली. त्याच मुलांना एकेक वस्तू दाखवून विचारलं तर जवळजवळ सगळी उत्तरं बरोबर आली. म्हणजे माहिती होती.

मग मधल्या सुट्टीत नुसतं बघत बसलो. ओल्या डब्याला झाकण होतं आणि ते चिकट व्हायचं. कुणी त्याला हात लावायला तयार नव्हतं, त्यामुळे जे हातात असेल ते शेजारच्या उघड्या डब्यात पडायचं. याहून मोठी गोष्ट म्हणजे शाळा सुटल्यावर मावशी दोन्ही डबे एकाच पोत्यात ओतायच्या, कारण घंटागाडीत एकच कप्पा होता. मुलं हे रोज बघत होती. सातवीतला एक मुलगा म्हणाला, "सर, शेवटी एकच करायचंय तर आम्ही वेगळं का करायचं?" त्याला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आम्ही झाकण काढलं आणि ओला डबा व्हरांड्यात, हात धुवायच्या नळाशेजारी नेला. शाळेमागे खड्डा घेतला. पाळीप्रमाणे मुलं ओला कचरा स्वतः तिथे टाकून वर वाळका पाला पसरायची. कागद-बाटल्या भंगारवाल्याला वजनावर दिल्या आणि आलेले पैसे फळ्यावर लिहिले. त्यानंतर डबा पालथा केला की मोजक्याच चुका सापडायच्या: ज्यूसची खोकी, तेलकट कागद, पेन्सिलीची टोकं. इथे मुलांना खरोखरच माहीत नव्हतं, आणि शिकवलेलं कामाला आलं ते या टप्प्यावर.

खरं बोलू का
सर, तुमच्याच गोष्टीतून उलटा निष्कर्ष निघतो. झाकण, खड्डा, भंगारवाला यांनी फरक पडला. धड्याने काय केलं?

सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच शाळांत पर्यावरण शिकवायला सांगितलं, २००३ मध्ये पुन्हा बजावलं. तेव्हा शाळेत असलेली पिढी आज स्वतः पालक आहे. त्यांच्या सोसायट्यांचे डबे उघडून बघा. उलट महाराष्ट्रात २०१८ च्या जूनमध्ये प्लास्टिकबंदी लागू झाली, तेव्हा दंडाच्या धाकाने दुकानदारांनी पिशव्या लपवल्या आणि लोक कापडी पिशवी घेऊन निघू लागले. तपासणी ढिली पडली तशा पिशव्या परत आल्या. मोठ्यांनी करायचं काम आपण अकरा वर्षांच्या मुलांच्या गळ्यात घालतो आणि वर त्यांनाच बोल लावतो, याची मला चीड येते.

गुणपत्रिका
सोपं आहे. वागण्याला मार्क ठेवा. मार्क दिसले की मुलंही करतील आणि आईबापही करून घेतील.

डोंगरवाट
मार्क ठेवले की वही येते. अकरावी-बारावीचे पर्यावरणाचे प्रकल्प बघा, मागच्या वर्षीच्या वहीवरून जसेच्या तसे उतरवलेले असतात. प्रदर्शनात "पृथ्वी वाचवा" म्हणत थर्माकोलचा पृथ्वीगोल येतो आणि दुसऱ्या दिवशी तो शाळेच्याच कचऱ्यात असतो. तरी तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे. मार्क वर्गाच्या डब्याला दिले, आणि डबा कधी उघडणार हे आधी सांगितलं नाही, तर मुलं एकमेकांना टोकतात. ते आम्ही केलं आणि चाललंही. पण एका वर्गाने चूक सापडू नये म्हणून कचरा चक्क खिडकीबाहेर टाकायला सुरुवात केली, हेही सांगायला हवं. तेव्हा डब्यासोबत मैदानही बघा.

बी विंग
आमच्याकडे सोसायटीने खताचा ड्रम घेतलाय, पण वास आणि अळ्या यामुळे सगळे वैतागलेत. कोणतं कल्चर वापरावं?

डोंगरवाट
धाग्याचा विषय वेगळा आहे, तरी सांगतो. ओलं जास्त झालंय. कल्चरवर खर्च करण्याआधी प्रत्येक थरावर तेवढाच वाळका पाला किंवा लाकडाचा भुसा टाका आणि अधूनमधून वरखाली करा. मूठभर माल दाबल्यावर पाणी गळत असेल तर अजून कोरडं घाला. शिजवलेलं अन्न सध्या बंद ठेवा.

लातूरची लेक
पाण्याबद्दल बोलते. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं, ते दिवस मी घरात बघितलेत. माझा मुलगा तेव्हा चौथीत होता. आंघोळीचं पाणी संडासाला, भाज्या धुतलेलं पाणी झाडाला, हे तो न सांगता करायचा. कोणत्या धड्यात नव्हतं ते. पुढे पाऊस झाला, नळाला पाणी आलं, आणि त्याची सवय गेली. आमचीही गेली. म्हणून मला "खरं बोलू का" यांचंही पूर्ण पटत नाही. टंचाईने किंवा दंडाने लावलेलं वळण, ती गेली की जातं. मागे काहीतरी समजलेलं उरायला हवं, ते शाळेशिवाय कुठून येणार?

खरं बोलू का
ताई, समजलेलं उरलं असतं तर सवय गेलीच नसती.

डोंगरवाट
सेशेल्स बेटांवरचा २०१३ चा एक अभ्यास या वादात उपयोगी आहे. तिथे शाळांच्या वन्यजीव मंडळांत काही मुलांना पाणथळ जागांबद्दल शिकवलं होतं. त्या मुलांच्या पालकांची माहिती वाढलेली दिसली आणि घरातला पाणीवापरही अधिक जपून असल्याचं आढळलं. आपल्याला हे मुलांकडून कळलं, हे मात्र पालकांच्या सांगण्यात कुठे आलं नाही. म्हणजे घरात शिरलेलं शिक्षण मोजायला आपण कमी पडतो, एवढं तरी मानायला जागा आहे.

खरं बोलू का
पाणीवापर लोकांनी तोंडी सांगितलेला ना? तुमच्या सातवीनेही तोंडी सगळं बरोबरच सांगितलं होतं.

डोंगरवाट
हा आक्षेप रास्त आहे. मीटर वाचलेलं नव्हतं.

सहावीची आई, पुणे
डब्याचं कळलं. आमच्या सोसायटीत गोळा करणाऱ्या ताई वेगळा केलेला कचरा वेगळाच नेतात, मुलीला एकदा त्यांच्यासोबत खाली पाठवते. पण नळाचं काय? वाहून गेलेल्या पाण्याचा शेवट तिला कसा दाखवू?

डोंगरवाट
ब्रश करताना नळाखाली बादली ठेवायला सांगा आणि ते पाणी तिलाच लिटरच्या मापाने मोजू द्या. नळ पूर्ण सोडला असेल तर दोन मिनिटांत दहा लिटरच्या आसपास निघेल. मोजलेलं पाणी तिनेच कुंड्यांना घालायचं.

लातूरची लेक
आठवडाभर मोजेल, मग कंटाळेल. माझा मुलगा आता मोठा झालाय, त्याला मी हेच करायला लावलं होतं.

डोंगरवाट
शक्य आहे. आमचा खड्डाही उन्हाळ्याच्या सुट्टीत वाळून जायचा आणि जूनमध्ये नव्या मुलांसोबत पहिल्यापासून सुरुवात करावी लागायची. जुनी मुलं आठवीत गेल्यावर त्यांच्या नव्या वर्गाचा डबा कसा असायचा, ते मी कधी पालथा करून पाहिलं नाही.

खरं बोलू का
ते कुणीतरी पाहायला हवं. माझ्या मुलाच्या शाळेत विचारतो, आठवीचा डबा उघडू देतात का.