मदत हवी आहे: पिनकोडप्रमाणे शिपिंग खर्च, रिटर्न आणि उशीर कसा काढायचा? माझी शीट काहीतरी भलतंच सांगतेय

पायताण_४१६

नमस्कार मंडळी, कोल्हापुरी चपला ऑनलाइन विकतो, स्वतःची वेबसाइट आहे आणि पार्सल एका शिपिंग अ‍ॅग्रिगेटरमार्फत दोन-तीन कुरिअरनी जातात. दिवाळीपासून आत्तापर्यंत २,१६० ऑर्डरी गेल्या, त्यातल्या ३०४ आरटीओ होऊन परत आल्या म्हणजे १४ टक्के, आणि एक सीओडी पार्सल परत आलं की जाऊन-येऊन २१० रुपये पाण्यात, माल मळून येतो ते वेगळंच.

बायको म्हणाली की नुसतं कुरिअरवाल्याला शिव्या घालण्यापेक्षा कुठे नुकसान होतंय ते तरी बघा. म्हणून पॅनेलवरून सगळा रिपोर्ट एक्सेलमध्ये घेतला, पिनकोडवर पिव्होट टेबल लावलं आणि आरटीओ टक्क्यावर उतरत्या क्रमाने लावलं. आता वरचे ९६ पिनकोड सगळे १०० टक्के! त्यात पार अंदमानपासून आमच्या शेजारच्या गडहिंग्लजपर्यंत सगळं आहे. हे ९६ पिनकोड बंद करून टाकू का? शिवाय बिहार फार वाईट दिसतंय, मुजफ्फरपूरकडचे ८४२ ने सुरू होणारे पिनकोड २४ टक्क्यांना आहेत. पुणे १३ टक्के, म्हणजे सरासरीच्या आतच आहे. खर्चाचं आणि उशिराचं तर काहीच कळेना, प्रत्येक पिनकोडला आकडा वेगळा. कुणी असं काम केलंय का?

तात्या_सातारकर

आरटीओचं काम असेल तर एजंटला धरा, आमच्याकडे लायसन एका दिवसात झालं.

पायताण_४१६

तात्या 😄 गाडीचं आरटीओ नाही ओ, पार्सल गिऱ्हाइकाने घेतलं नाही की माघारी येतं त्याला म्हणतात.

मालवणी_कोकम

माझा अनुभव सांगतो, मी आगळ आणि सोलं पाठवतो, मी सरळ बिहार, यूपी आणि ईशान्येकडची सगळी राज्यं बंद केली, डोक्याचा ताप गेला. आरटीओ निम्म्यावर आला. सीओडीत तिकडचे लोक गंमत म्हणून ऑर्डर टाकतात, पार्सल दारात आलं की फोन बंद. हिशोब कसला मांडताय, बंद करून टाका.

आकडेमोड

मालवणी भाऊ, तुमचा आरटीओ निम्म्यावर आला ते खरं असेल, पण तो बिहार बंद केल्यामुळे की त्या राज्यांबरोबर तुमची सीओडी कमी झाल्यामुळे, हे तुम्ही बघितलं नाहीत. खरी मेख तिथेच आहे.

पायताण दादा, मी एका कपडेवाल्याच्या गोडाऊनचं हेच काम बघते, तर आधी एक सांगा की एकूण पिनकोड किती आहेत तुमच्या शीटमध्ये आणि त्यातले एकच ऑर्डर असलेले किती? आणि सीओडी-प्रीपेड वेगळं केलंय का?

पायताण_४१६

ताई, १,१४० पिनकोड आहेत, त्यात एकच ऑर्डरवाले ७२०. सीओडी १,२६० पैकी २७७ परत, म्हणजे २२ टक्के. प्रीपेड ९०० पैकी २७ परत, म्हणजे ३ टक्के. हे वेगळं कधी बघितलंच नव्हतं.

आकडेमोड

मग तुमचे ते ९६ पिनकोड म्हणजे बहुतेक सगळे एक ऑर्डर गेली आणि ती परत आली असे असणार. एका नाण्याच्या एका फेकीवरून नाणं खोटं ठरवल्यासारखं झालं ते, त्यांना हात लावू नका. कुठलाही पिनकोड एकटा बोलण्याइतका मोठा होईपर्यंत पहिले तीन आकडे घ्या, ते पोस्टाच्या सॉर्टिंग जिल्ह्याचे असतात, तेवढ्यावर गठ्ठा करा. रिपोर्टमध्ये "416 001" अशी मधे जागा सोडलेले पिनकोड पण असतात, ती काढली नाही तर एकच गाव दोनदा दिसतं.

दुसरं म्हणजे सरासरी १४ टक्क्यांशी तुलना करूच नका. प्रत्येक ऑर्डरीपुढे "ही परत यायची किती शक्यता होती" ते लिहा, सीओडी असेल तर ०.२२, प्रीपेड असेल तर ०.०३. मग गठ्ठ्याप्रमाणे त्याची बेरीज करा आणि खरोखर परत आलेल्या पार्सलांशेजारी ठेवा. C मध्ये पिनकोड आणि D मध्ये पेमेंट आहे असं धरून:

```
=LEFT(SUBSTITUTE(C2," ",""),3)
=IF(D2="COD",0.22,0.03)
```

तुमच्या ८४२ मध्ये सीओडी किती आणि प्रीपेड किती ते सांगा, आत्ताच करून बघू. आणि हो, शेवटच्या २५ दिवसांच्या ऑर्डरी यातून काढा, कारण त्यातली बरीच पार्सलं अजून रस्त्यात असतात, ती ना पोचलेली ना परत आलेली, त्यामुळे ताजे आकडे उगाच गोंडस दिसतात.

पायताण_४१६

आधीच काढलेत ओ, ते २,१६० मध्ये फक्त निकाल लागलेली पार्सलं आहेत. ८४२ मध्ये ३८ ऑर्डरी, ३४ सीओडी, ४ प्रीपेड. परत आल्या ९.

आकडेमोड

३४ गुणिले ०.२२ म्हणजे साडेसात, चार प्रीपेडचे ०.१२, एकूण ७.६ अपेक्षित आणि आले ९. म्हणजे मुजफ्फरपूरमध्ये काही वेगळं घडतच नाहीये. तिथे सगळे सीओडीने घेतात एवढंच, आणि तुमची सीओडी सगळीकडेच गळतेय. आता हेच पुण्याला लावा, मला तिथे जास्त शंका आहे, कारण पुणेकर बहुतेक प्रीपेड करतात आणि तरी तुम्ही १३ टक्के म्हणताय.

मालवणी_कोकम

पुण्यात १ ते ४ पार्सल घेत नसतील 😂

पायताण_४१६

बाप रे. ४११ मध्ये ३१० ऑर्डरी, त्यात सीओडी फक्त ९५, प्रीपेड २१५. अपेक्षित २७ आणि प्रत्यक्षात ४१. बिहारच्या नावाने खडे फोडत बसलो आणि भोक आपल्याच भांड्याला.

मग ४११ आतून उघडलं. एकटा ४११०५७, हिंजवडीकडचा, ४६ ऑर्डरी, त्यात सीओडी १२, प्रीपेड ३४. अपेक्षित ३.७ आणि परत आल्या १३! त्यातल्या ७ प्रीपेड आहेत. बाकीच्या ४११ मध्ये २४ अपेक्षित, २८ आल्या, ते ठीकच म्हणायचं.

आकडेमोड

प्रीपेडचं पार्सल परत येणं हीच खूण धरा. पैसे भरलेला माणूस सहसा पार्सल नाकारत नाही, त्यामुळे तिथे गिऱ्हाईक नाही तर पत्ता किंवा डिलिव्हरी बिघडलेली असते. त्या १३ जणांचे पत्ते आणि एनडीआरची, म्हणजे पार्सल का पोचलं नाही याची, नोंद एकेक वाचा, पिव्होट बाजूला ठेवा. पहिला प्रयत्न कुठल्या वारी झाला तो कॉलम घ्या.

नकाशेवाली

थोडं बाजूचं, पण उशिराबद्दल विचारलंय म्हणून. तीन आकड्यांचा गठ्ठा सगळीकडे चालत नाही. ४४२ मध्ये वर्धा पण आहे, चंद्रपूर पण आहे आणि भामरागडचा ४४२७१० पण त्यातच. वर्ध्याला पार्सल वेळेत जातं, भामरागडला जात नाही, आणि एकत्र केलं की दोघांची सरासरी खोटी. आमच्या ऑफिसात आम्ही उशिरासाठी जिल्हा घेतो. त्यासाठी data.gov.in वरची पिनकोडची यादी जोडली होती, तेव्हा फसलो होतो, कारण त्या यादीत ओळ पोस्ट ऑफिसाची असते, एकाच पिनकोडाची दहा-बारा पोस्ट ऑफिसं असतात. जोडल्यावर आमच्या ऑर्डरी एका रात्रीत कितीतरी पट झाल्या, साहेब खूश, मग शोधाशोध. आधी एका पिनकोडला एकच ओळ ठेवा, आणि जोडणी झाल्यावर ऑर्डरींची संख्या पूर्वीएवढीच आहे ना ते बघा.

आणि उशीर ऑर्डरीच्या तारखेपासून मोजू नका, कुरिअरने पार्सल उचलल्याच्या पहिल्या स्कॅनपासून मोजा. नाहीतर तुमचा पॅकिंगचा उशीर गडचिरोलीच्या नावावर जातो.

पार्सलबाबा

खर्चाबद्दल मी सांगतो, सहा वर्षं कुरिअरच्या हबवर होतो. पिनकोडप्रमाणे खर्च वेगळा दिसतो तो बहुतेक वेळा पिनकोडमुळे नसतो. दर झोनप्रमाणे असतो, गावातल्या गावात, राज्यात, मेट्रो ते मेट्रो, बाकी देश, आणि जम्मू-काश्मीर व ईशान्य वेगळं. एकाच झोनमध्ये एकाच जोडीच्या पार्सलचं बिल कमी-जास्त दिसत असेल तर वजन बघा. तुमच्या खोक्याची मापं किती?

पायताण_४१६

३३ बाय २२ बाय १२ सेंमी. वजन साधारण ९०० ग्रॅम.

पार्सलबाबा

मापांचा गुणाकार करून ५,००० ने भागा, ते खोक्याच्या आकारावरून धरलेलं वजन. १.७४ किलो. अर्ध्या किलोच्या स्लॅबने दोन किलोचं बिल लागतंय तुम्हाला, चप्पल एक किलोच्या आतली असून. चपला एकीत एक उलट्या घालून ३० बाय १८ बाय ९ च्या खोक्यात बसल्या तर ०.९७, म्हणजे एक किलोच्या स्लॅबमध्ये. हे देशातल्या प्रत्येक पिनकोडला लागू आहे. मात्र ०.९७ म्हणजे काठावरचं आहे, खोकं जरा फुगलं की मशीन दीड किलो लावतं, त्यामुळे पॅक झाल्यावर टेपने मापून फोटो काढून ठेवा.

पायताण_४१६

हे बसतंय का ते उद्या बघतो, हिलवाल्या जोड्यांचं अवघड वाटतंय.

आता हिंजवडी. १३ पैकी ९ पत्ते कंपन्यांचे, कुणाचं "फेज २, टॉवर अमुक, रिसेप्शन". आणि त्या ९ पैकी ६ ठिकाणी पहिला प्रयत्न शनिवारी किंवा रविवारी. ऑफिस बंद, शेरा "कस्टमर उपलब्ध नाही". का ते पण कळलं: आमचे कारागीर माल बुधवारी देतात, पॅकिंग होऊन पिकअप गुरुवार-शुक्रवारी, आणि कोल्हापूर-पुणे एका-दोन दिवसांचा रस्ता. म्हणजे दर आठवड्याला आम्हीच नेमकं शनिवारी दारात पाठवतोय.

मालवणी_कोकम

मग हिंजवडी बंद करा की.

आकडेमोड

४६ पैकी ३३ पार्सलं घेतलीत लोकांनी, बंद कसली करायची. पण दादा, ६ म्हणजे सहाच आहेत हे पण विसरू नका. सोमवारी पाठवलेल्या ऑफिसच्या ऑर्डरी शोधा, त्या पोचल्या का? आणि त्या सहा जणांना फोन करून बघा.

पायताण_४१६

चार जणांनी उचलला. दोघं म्हणाले आम्हाला कुरिअरचा फोनच आला नाही, शेरा मात्र "फोन उचलला नाही" असा आहे. एक जण म्हणाला सिक्युरिटीने गेटवरूनच परत पाठवलं. चौथी बाई म्हणाली की पार्सल घ्यायचंच नव्हतं, साइज चुकीची टाकली होती आणि रद्द करायचं बटण सापडलं नाही.

सोमवारी पाठवलेल्या ऑफिसच्या ऑर्डरी दोनच निघाल्या, दोन्ही पोचल्यात, पण दोनावर काय बोलणार. आता महिनाभर ऑफिसचा पत्ता दिसला की पार्सल रविवारपर्यंत इथेच ठेवून सोमवारी काढतो. गिऱ्हाईक उशीर झाला म्हणून ओरडेल का, हा प्रश्न आहेच. कुणी असं थांबवून पाठवतं का?