फ्रिजमागचा गोडसर वास

‘औषध खाल्लेला उंदीर पाणी शोधत बाहेर जाऊन मरतो म्हणतात, मग हा गोडसर कुजका वास कसला?’

बाहेर जातो ही नुसती समजूत. रक्त न गोठू देणाऱ्या वड्या खाल्लेला उंदीर साधारण तीन ते सात दिवसांनी मरतो, तोही बहुधा आडोशाला. उंदराच्या मुताचा वास उग्र, नाकात झोंबणारा आणि रोज तसाच असतो. मेलेल्याचा गोडसर वास काही दिवस चढतो, मग ओसरतो. खिडक्या, पंखा तासभर बंद ठेवून जमिनीलगत फटी हुंगा. हिरव्या-निळ्या माश्या घोटाळतात तिथे आधी. फ्रिजचं प्लग काढून कॉम्प्रेसरची खाचही बघाच. सापडला की हातमोजे घाला, एक भाग ब्लीच नऊ भाग पाण्यात मिसळून जागा भिजवा, दहा मिनिटांनी पुसा. कोरडा झाडू अजिबात नको, धूळ नाकात जाते.